दूध ६ रुपयांनी का वाढलं?

"म्हशी त्याच, गोठा तोच, मग उन्हाळा आला की दर का वाढवता?"

दादा, मिरजेजवळ माझा लहान गोठा आहे. रतीबाच्या गिऱ्हाइकांना हेच चिठ्ठीत लिहिलंय, इथेही सांगतो.

आमच्या बहुतेक म्हशी पावसाळ्यात नाहीतर दिवाळीच्या आसपास वितात. एप्रिलपर्यंत त्या आटायला लागतात. डिसेंबरात ८ लिटर देणारी म्हैस ५ लिटरवर येते. पेंड त्या मानाने कमी होत नाही. शरीर पोसायला २ किलो आणि लिटरमागे अर्धा किलो, म्हणजे तेव्हा ६ किलो, आता साडेचार. किलोला ३५ रुपये धरा: २१० वरून १५८.

खरा मार वैरणीचा. कारखाने चालू असतात तोवर उसाचं वाढं स्वस्तात मिळतं, रोज ८० रुपयांत भागतं. हंगाम संपला की कडबा आणि मका विकत, दीडशेच्या घरात. एकूण खर्च २९० चा ३०८ झाला, म्हणजे फारसा नाही. पण ८ ऐवजी ५ लिटरवर वाटला की लिटरमागे ३६ चे जवळपास ६२ होतात. मजुरी, वीज वेगळी.

सगळ्या म्हशी एकदम आटत नाहीत, म्हणून वाढ ६ रुपयांवर भागवली. दर तोच ठेवून पाणी घालता आलं असतं, काही जण घालतातही. वैरण कमी केली तर फॅट पडतं, ते तुम्हाला सायीवरच कळेल. म्हशी पुन्हा विऊ लागल्या की दर पुन्हा बघू. गेल्या वर्षी २ रुपये उतरवले होते, तेव्हा मात्र कुणी विचारलं नाही!