'तिकडून पसंती आहे बरं का'

माझी आत्या डोंबिवलीत वीसेक वर्षं घरगुती वधू-वर सूचक केंद्र चालवायची. केंद्र कसलं, बाहेरच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट, फायलींचे गठ्ठे आणि लँडलाइन. कॉलेजच्या सुट्टीत मी फायली लावायला जायचे, तेव्हा तिची एक चलाखी माझ्या लक्षात आली. पाहण्याचा कार्यक्रम झाला की दोन्हीकडची मंडळी "कळवतो" म्हणून निघायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या मुलाच्या आईला फोन लावायची, "वहिनी, घाई नाही हं, पण मुलीकडून पसंती दिसतेय." फोन ठेवायचा, पुन्हा उचलायचा आणि मुलीकडे तेच सांगायचं. प्रत्यक्षात दोघांपैकी कुणीही तिला चकार शब्द बोललेलं नसायचं.

मी म्हटलं, "आत्या, हे खोटं आहे."

"अगं, दुसऱ्या भेटीपर्यंत खरं होतं."

आणि व्हायचं. एक जोडी मला अजून आठवते, कारण पोह्यांच्या बशा मीच नेऊन दिल्या होत्या. मुलगा बँकेत, मुलगी शाळेत शिक्षिका. तो खाली मान घालून पोह्यांतले शेंगदाणे एका बाजूला करत बसला होता. तिला आवड विचारली तर "वाचन", पुढे काही नाही. दहा मिनिटांत विषय संपले. जाताना दोघांच्याही चेहऱ्यावर नकार लिहिलेला. आत्याने सकाळी ठरल्याप्रमाणे फोन केले. चार-पाच दिवसांनी दोघं स्टेशनजवळच्या हॉटेलात भेटले. परत आल्यावर मुलगी आत्याला म्हणाली, "फार बोलका आहे हो." बोलका! दहावीच्या चाचणीत गणितात नापास झालो आणि आता दिवसभर आकडेच मोजतो, हे त्याने स्वतःहून सांगितलं होतं. मग वर्गातली पोरं आपली नक्कल कशी करतात, ते तिने करून दाखवलं. तीन महिन्यांत लग्न.

पुढे मानसशास्त्राला प्रवेश घेतला आणि वर्गात आत्याची चलाखी अभ्यासक्रमात सापडली. रिबेका कर्टिस आणि किम मिलर यांनी 1986 साली हा प्रयोग छापलाय. अनोळखी विद्यार्थ्यांच्या जोड्यांना थोडा वेळ बोलू दिलं. मग जोडीतल्या एकालाच सांगितलं, की तू समोरच्याला आवडलायस. काहींना सांगितलं, की आवडला नाहीस. दोन्ही गोष्टी बनावट, आणि समोरच्याला यातलं काही ठाऊक नाही. मग पुन्हा बोलायला बसवलं. ज्यांना आपण आवडलोय असं वाटत होतं ते स्वतःबद्दल जास्त बोलले, कमी अडून बसले, त्यांचा सूर मोकळा झाला. आणि गंमत ही, की ते समोरच्याला खरोखरच जास्त आवडले. ज्यांना उलटं सांगितलं होतं ते आखडले आणि तितकेसे आवडले नाहीत.

म्हणून "कौतुक कुणाला नको असतं?" एवढ्यावर हा विषय उडवून लावणाऱ्यांशी माझं पटत नाही. कौतुकाने सुखावणं हा त्यातला अर्धाच भाग. आपल्याला झिडकारलं जाणार नाही अशी खात्री वाटली, की माणूस कवच उतरवतो, आणि कवच उतरवलेला माणूस आवडायला सोपा असतो. त्या बँकवाल्याला मुलगी आधी नावडली होती असं नाही. तो नुसता घाबरला होता. आत्याच्या फोनने त्याची भीती काढली.

पण हे औषध पहिल्या एक-दोन भेटींपुरतंच चालतं. बॅकमन आणि सेकॉर्ड यांनी 1959 साली गटांवर केलेल्या प्रयोगात हे दिसलं होतं. तुमच्या गटातली अमुक माणसं तुम्हाला पसंत करणार आहेत असं आधी सांगितलं, तर पहिल्या बैठकीनंतर लोक त्याच माणसांकडे झुकले. पुढच्या बैठकांमध्ये तो झुकाव उरला नाही. तोवर खरा माणूस समोर दिसायला लागलेला असतो. आत्याला हे न वाचता कळलं होतं. तिसऱ्या भेटीनंतर ती मुळीच फोन करायची नाही.

दुसरी मर्यादा मला जास्त महत्त्वाची वाटते. ही पसंती फक्त माझ्यासाठी असावी लागते. आत्याकडे एक मुलगा होता, दिसायला बरा, नोकरी पक्की, आणि दाखवलेल्या प्रत्येक मुलीला त्याचा होकार. एकामागून एक अकरा. मुली नकार द्यायच्या आणि कारण विचारलं तर "काही खास नाही, पण नको." नात्यात-ओळखीत ही अकराची गोष्ट पसरली असेल असं मी धरून चालले होते. तशी गरजच नव्हती, हे 2007 सालच्या एका अभ्यासातून कळलं. ईस्टविक, फिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत तरुण-तरुणींच्या चार-चार मिनिटांच्या भेटी घडवल्या. ज्याला ठरावीक एकच कुणी विशेष आवडलं, त्याला त्या व्यक्तीकडून पसंती परत मिळण्याची शक्यता वाढली. ज्याला सगळ्याच आवडल्या, तो मात्र कमी आवडला. चार मिनिटांत, बाकीच्या भेटी न पाहता, समोरच्याला त्याचा वास लागत होता. आजकाल विवाहाच्या साइटवर दिवसाला तीस जणींना इंटरेस्ट पाठवणारे आणि मग "मुलींना फार माज आलाय" म्हणणारे माझ्या यादीत बरेच आहेत. त्यांनी हे परिच्छेद दोनदा वाचावेत.

म्हणून "मुलीने जरा भाव खावा" हा मामी-मावशांचा सल्लाही अर्धाच बरोबर आहे. एलेन वॉल्स्टर आणि सहकाऱ्यांना तो प्रयोगात सिद्ध करायचा होता. अनेकदा करून पाहिलं, जमेना. शेवटी 1973 साली उत्तर छापलं: इतरांच्या बाबतीत चोखंदळ असलेली, पण मला मात्र हो म्हणणारी मुलगी सगळ्यांत जास्त आवडते. नुसता भाव खाऊन काही होत नाही.

आणि जिथे समोरच्याचं मत बनून 'नाही' झालंय, तिथे "मला तू आवडतेस" हे सांगून ते पालटत नाही. उलट ओझं होतं. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी 1993 साली एकतर्फी प्रेमाच्या दोन्ही बाजूंच्या कहाण्या लिहवून घेतल्या. नाकारणाऱ्यांच्या लिखाणात सुखावणं कमी, अपराधीपणा आणि वैताग जास्त. आणि प्रेम करणाऱ्याला मात्र वाटत होतं, की आपल्याला आशा दाखवली गेली होती, स्पष्ट नकार मिळालाच नव्हता.

हे वाचताना मला त्या फायलींमधला एक मुलगा आठवला. मुलीने दुसऱ्या भेटीनंतर स्वच्छ नकार कळवला. तो ऐकेना. तिला आपण किती आवडतो ते अजून नीट पोचलं नाहीये, अशी त्याची समजूत. म्हणून तो आणखी पोचवत राहिला. फोन, मेसेज, शाळेच्या गेटबाहेर उभं राहणं. एके दुपारी मुलीचे वडील तिचा मोबाइल घेऊन आत्याकडे आले. तेवीस मिस्ड कॉल, दोन तासांतले. आत्याने त्यांच्यासमोरच त्या मुलाला फोन लावला आणि चांगलंच झापलं.

तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "पण काकू, पसंती आहे असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

आत्या काही बोलली नाही. वडील गेल्यावर बराच वेळ नुसती फायलींवरची धूळ झटकत बसली. त्यानंतर तिने तो सकाळचा फोन बंद केला. फारच वाटलं तर मुलाच्या आईला एवढंच म्हणायची, "वहिनी, पोह्यांच्या बशीसमोर काय कळणार? पुन्हा एकदा भेटू द्या की दोघांना."