झोपून सांगतो

जाहिरात गादीची होती, 30 सेकंदांची. इंग्रजीत ती इतकी चालली की कंपनीने ती आठ भाषांत न्यायचं ठरवलं आणि मराठीचं घोंगडं माझ्या गळ्यात आलं. ई-मेलमध्ये लिहिलं होतं, "फक्त भाषांतर आहे, तासाभराचं काम." आमच्या धंद्यात 'फक्त' या शब्दाने जेवढी माणसं रडवली आहेत तेवढी कांद्यानेही रडवली नसतील.

आधी जाहिरात सांगतो. पहिल्या दृश्यात साहेब एका तरुणाला बढती देऊ करतो, पण बदलीसकट. तरुण म्हणतो, "आय्ल स्लीप ऑन इट." दुसऱ्यात एक मुलगा गुडघ्यावर बसून अंगठी पुढे करतो. मुलगी म्हणते, "आय्ल स्लीप ऑन इट." तिसऱ्यात आजी, वकील, मृत्युपत्र आणि टपून बसलेले नातेवाईक. आजीचंही तेच, "आय्ल स्लीप ऑन इट." मग हे तिघेही आपापल्या घरी त्या गादीवर गाढ झोपलेले दिसतात. शेजारी जमिनीवर साहेब, अंगठीवाला आणि वकील उत्तराची वाट बघता बघता पेंगलेले. शेवटी निवेदक म्हणतो, "स्लीप ऑन इट." 100 रात्री वापरून बघा, नाही आवडली तर परत. अटी लागू.

इंग्रजीत त्या वाक्याचा अर्थ 'रात्रभर विचार करतो' असा. पण त्यातला 'इट' मोठा लबाड आहे. तो बोलताना निर्णय असतो आणि दृश्य बदललं की गादी होतो. सगळा विनोद त्या एवढ्याशा शब्दावर आडवा झालेला आहे.

कंपनीने "तुमच्या सोयीसाठी" कुठून तरी करून घेतलेलं एक भाषांतरही जोडलं होतं. त्यात तरुण साहेबाला म्हणत होता, "मला त्यावर झोपू द्या," आणि त्या वेळी पडद्यावर दोघांच्या मधे फक्त साहेबाचं टेबल होतं. मुलगी अंगठीच्या इवल्याशा डबीकडे बघून म्हणत होती, "मला त्यावर झोपू दे." आजीचं वाक्य होतं, "मी मृत्युपत्रावर झोपेन." एका परीने हेही विनोदीच होतं, फक्त हसू कंपनीवर आलं असतं.

मी म्हणींच्या मागे लागलो. झोपेची जाहिरात म्हटली की मराठी लेखकाच्या डोक्यात सर्वांत आधी 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण येते, आणि जी सर्वांत आधी येते ती सगळ्यांनाच आलेली असते. शिवाय तिचा अर्थ ऐपतीपेक्षा जास्त खर्च करू नका असा आहे, आणि ही कंपनी हप्त्यांवर गादी विकत होती. म्हण खरी केली असती तर माणूस सतरंजीवर समाधानाने झोपला असता.

मग सुचलं 'डोळे मिटून सांगतो'. यावर मी चांगला दीड दिवस खूश होतो. डोळे मिटून म्हणजे निर्धास्तपणे, आणि डोळे मिटून म्हणजे झोपून. दोन्ही अर्थ जागेवर! मग मी ते मोठ्याने वाचून पाहिलं. साहेबापुढे ठीक. अंगठीपुढे जरा उतावळं, पण चालेल. तिसऱ्या दृश्यात वकील विचारतो, "घर कोणाच्या नावावर करायचं?" आणि आजी म्हणते, "डोळे मिटून सांगते." मराठीत म्हाताऱ्या माणसाने डोळे मिटले की पुढचं काम वकिलाचंच असतं. भोवतीचे नातेवाईक त्या वाक्याला टाळ्या वाजवतील हे दिसायला लागलं आणि मी ती ओळ खोडली.

खरी पंचाईत कुठे आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी दोन अर्थांचा शब्द शोधत होतो, आणि तो शोध चुकीचा होता. जाहिरातीत लोक हसतात ते कोटीला नाही. जे वाक्य आपण सगळेच वेळ मारून न्यायला वापरतो ते ही माणसं शब्दशः खरं करतात, घरी जाऊन खरोखरच झोपतात, म्हणून हसतात. तेव्हा विचारायला हवं होतं ते एवढंच की मराठी माणूस वेळ कशी मारून नेतो?

उत्तर शेजारच्या खोलीत होतं. आई फोनवर बोलत होती. माझ्या मावसभावासाठी आलेल्या एका स्थळाला ती अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "हो हो, घरात विचार करून कळवतो."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "आई, 'सांगतो' का नाही म्हणालीस?"

"सांगतो म्हटलं की चार दिवसांनी परत फोन येतो. कळवतो म्हटलं की शहाणी माणसं समजतात."

मराठी नकाराचं एवढं बारीक व्याकरण मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. 'कळवतो' म्हणजे नाही. 'सांगतो' म्हणजे अजून धुगधुगी आहे. माझ्या तिन्ही पात्रांना नकार द्यायचा नव्हता, नुसतं लांबवायचं होतं. म्हणजे 'विचार करून सांगतो'. हे वाक्य अवघा महाराष्ट्र रोज बोलतो, आणि बोलल्यावर विचार कोणीच करत नाही. मी त्यातला विचार काढला आणि झोप घातली.

झोपून सांगतो.

यात 'इट' नाही, 'वर' नाही, श्लेषही नाही. पण ऐकणाऱ्याच्या कानात 'विचार करून' आधीच वाजत असतं. त्या जागी 'झोपून' आलं की तो दचकतो, आणि पुढच्या दृश्यात माणूस खरंच झोपलेला दिसला की हसतो. शेवटची ओळ तर आपणहून चालत आली : 'झोपून सांगा'. 100 रात्री झोपून बघा आणि मग आम्हाला सांगा. परत घेण्याची सवलत इंग्रजीत वेगळी समजावून द्यावी लागत होती, ती इथे त्या दोन शब्दांतच मावली. हे मी ठरवून केलं असं सांगायला आवडलं असतं.

पुढचा प्रश्न ओठांचा. चित्रपट कापून, जोडून तयार होता. नट इंग्रजीतच बोलले होते आणि मराठी त्यांच्या ओठांवर बसवायचं होतं. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात आणि ते पडद्यावर लांबूनही दिसतं. बाकीची अक्षरं थोडीफार इकडेतिकडे झाली तर प्रेक्षक माफ करतो, मिटलेल्या ओठांची चोरी मात्र लगेच पकडतो. 'आय्ल स्लीप ऑन इट' बोलायला चार ठोके आणि ओठ मिटतात ते 'स्लीप'च्या प-वर. 'झो-पून-सांग-तो', ठोके चारच, आणि प हजर! फक्त तो एक ठोका आधी येत होता. रेकॉर्डिस्टने वाक्य दोन फ्रेम उशिरा सुरू केलं, कलाकाराने 'झो' जांभईसारखा लांबवला आणि काम झालं. त्या सोयीसाठीच्या भाषांतरात ठोके सात होते आणि सुरुवातीलाच म होता. नटाचं तोंड 'आ' वासलेलं आणि आवाज 'म'चा, म्हणजे पोटातून कोणी दुसराच बोलतोय असं वाटलं असतं.

अंगठीवाल्याचं 'विल यू मॅरी मी?' मी आधी 'तू माझ्याशी लग्न करशील का?' असं लिहिलं होतं. ते चौकशीच्या खिडकीवर विचारल्यासारखं वाटत होतं आणि लांबीही दुप्पट. शेवटी 'लग्न करूया?' ठेवलं. यात 'मॅरी मी'मधला एकही म नाही, पण त्या क्षणी त्याची पाठ कॅमेऱ्याकडे होती. डबिंगवाल्यांना पाठमोरी माणसं देवासारखी वाटतात.

इंग्रजीत तिघांचं वाक्य एकच होतं. मराठीत तरुण 'सांगतो', मुलगी आणि आजी 'सांगते', निवेदक 'सांगा'. निवेदकाने 'सांग' म्हणावं असा कंपनीचा आग्रह होता, कारण ब्रँड "मित्रासारखा" आहे. मी म्हटलं, पहिल्या भेटीत अरे-तुरे करून वर पैसे मागणारा माणूस आमच्याकडे मित्र समजला जात नाही.

आता मंजुरी. ब्रँड मॅनेजरला मराठी येत नव्हतं, म्हणून नियमाप्रमाणे माझ्या मराठीचं शब्दशः इंग्रजी करून पाठवायचं होतं. याला बॅक ट्रान्सलेशन म्हणतात. 'आफ्टर स्लीपिंग आय टेल' असं काहीसं झालं. त्यांचा फोन आला, "यात विनोद कुठे आहे?"

"तुमच्या विनोदाचं मराठीत जे झालं होतं तेच माझ्याचं इंग्रजीत झालंय."

ते गप्प. मग म्हणाले, "आमच्या ऑफिसात एकजण चौथीपर्यंत मराठी शिकलाय. तो म्हणतो, 'त्यावर' हा शब्द राहून गेला."

चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाशी वाद घालू नये, त्याचा पाया पक्का असतो. मी एक तक्ता केला. पहिल्या रकान्यात मराठी, दुसऱ्यात शब्दशः इंग्रजी, तिसऱ्यात 'हे ऐकून मराठी माणूस का हसेल'. तिसरा रकाना भरताना जीव जातो, कारण विनोद समजावून सांगणं म्हणजे पापड भिजवून वाढणं. 'विचार करून सांगतो' हे वाक्य काय आहे, कोण कोणाला कधी म्हणतं, यावर मी पाऊण पान लिहिलं. त्यात आईचा फोनही घातला. तो वाचून ब्रँड मॅनेजर फोनवर मोठ्याने हसले. त्यांच्याही भाषेत असाच एक 'कळवतो' होता, आणि त्यांनी तो लग्नाआधी दोनदा ऐकला होता. ओळ मंजूर झाली.

मग मी बिल पाठवलं. आमचा दर शब्दावर, मोजायचे ते अंतिम मराठी शब्द. तीन आठवडे, एक आजी, पाऊण पान स्पष्टीकरण. हिशेबखात्यातल्या मॅडमचा फोन आला.

"सर, मुख्य ओळ दोनच शब्दांची आहे. ती तीनदा येते, पण पुनरुक्तीचे पैसे देत नाही आपण."

"मॅडम, एकदा 'सांगतो' आहे, दोनदा 'सांगते' आहे. शब्द वेगळे आहेत."

"धातू एकच आहे ना सर?"

मी हतबल झालो. "आणि 'सांगा'?"

"तोही त्यातच."

"अहो, मग निदान त्या तक्त्याचे तरी द्या. पाऊण पान आहे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्या अत्यंत गोड आवाजात म्हणाल्या, "हो हो सर, साहेबांना विचारून कळवते."