रक्कम मथळ्यातच हवी: फंडिंगच्या प्रेस रिलीजबद्दल फिरणाऱ्या सल्ल्याला उत्तर

"फंडिंगच्या प्रेस रिलीजचा मथळा 'भारतातील अग्रगण्य'ने सुरू करा आणि सगळे कीवर्ड त्यात बसवा. पहिला परिच्छेद संस्थापकाच्या प्रवासाने उघडा, रक्कम खाली ठेवा, म्हणजे लोक शेवटपर्यंत वाचतात. कंपनीचं नाव तीनदा यायलाच हवं. मग पैसे भरून वायरवर टाका. दोनशे साइटवर आलं की गूगल न्यूजमध्ये बातमी आपोआप वर."

नागपुरातल्या स्टार्टअपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मजकूर मला चार वेळा आला. चौथ्यांदा तो पाठवणारा मुलगा दुसऱ्या दिवशी आपली पहिलीच फंडिंगची बातमी पाठवणार होता. त्याला फोनवर जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितो. मी आधी बिझनेस डेस्कवर कॉपी तपासायचो, आता कंपन्यांसाठी रिलीज लिहितो. दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

पहिला मुद्दा मथळ्याचा. न्यूज सर्चमध्ये बहुतेक वेळा आपलं रिलीज दिसत नाही. रिलीजवरून एखाद्या वर्तमानपत्राने किंवा न्यूज पोर्टलने केलेली बातमी दिसते. म्हणजे आपला मथळा आधी उपसंपादकाच्या हातातून जातो. 'अग्रगण्य', 'ऐतिहासिक', 'क्रांतिकारी' हे शब्द तो पहिल्या फटक्यात काढतो, कारण त्यांची खातरजमा करता येत नाही. ते काढल्यावर मथळ्यात घटना उरली तर ती तशीच बातमीच्या मथळ्यात जाते. काहीच उरलं नाही तर दोन गोष्टी होतात: एकतर तो स्वतः मथळा रचतो आणि त्यात आपल्याला हवे ते शब्द नसतात, किंवा रिलीज बाजूला पडतं.

शोधणाऱ्याच्या बाजूनेही पाहा. गुंतवणूक कंपनीतला विश्लेषक, नोकरी शोधणारा इंजिनीअर, दुसऱ्या शहरातला पत्रकार, हे लोक `Nagpur startup seed funding` असं टाइप करतात, किंवा कंपनीचं नाव आणि पुढे `funding`. 'अग्रगण्य' कोणीही टाइप करत नाही. पानाच्या कोडमधल्या कीवर्डच्या मेटा टॅगकडे आपण रँकिंगसाठी पाहत नाही, हे गूगलने २००९ सालीच जाहीर केलं होतं. मथळ्यात शब्द कोंबणं तर त्यांच्या स्पॅमच्या नियमांत बसतं.

उदाहरण घेऊ. कंपनीला अबक म्हणू, तपशील मी रचलेले आहेत. संत्र्याची आकार आणि रंगावरून प्रतवारी करणारी यंत्रं ती बागायतदारांना भाड्याने देते. त्या सल्ल्याप्रमाणे मथळा असा होईल:

"भारतातील अग्रगण्य कृषितंत्रज्ञान स्टार्टअप अबकची विदर्भातील संत्रा उत्पादकांच्या सक्षमीकरणासाठी ऐतिहासिक झेप"

संपूर्ण वाचूनही पैसे मिळाले हे कळत नाही. मोबाइलवर तर तो अर्ध्यात कापला जाईल आणि दिसेल फक्त 'भारतातील अग्रगण्य कृषितंत्रज्ञान स्टार्टअप'. मथळा किती अक्षरांचा असावा याचा पक्का आकडा गूगल देत नाही. स्क्रीनच्या रुंदीनुसार तो कापला जातो. म्हणून मी अक्षरं मोजत बसण्यापेक्षा एक कसोटी लावतो: पहिल्या सहा-सात शब्दांत कोण, किती आणि कोणती फेरी हे आलं पाहिजे.

"नागपूरच्या अबकला ६ कोटींचं सीड फंडिंग, काटोल, वरुडमध्ये संत्रा प्रतवारी केंद्रं"

पहिल्या स्वल्पविरामानंतरचा भाग कापला गेला तरी बातमी शाबूत राहते. इंग्रजी रिलीजमध्ये हाच क्रम ठेवायचा, क्रियापद सरळ `raises`. मथळ्यात 'फंडिंग' वापरलं तर परिच्छेदात 'भांडवल' किंवा 'गुंतवणूक' येऊ द्या. लोक दोन्ही शब्दांनी शोधतात, आणि वाक्यही कानाला बरं लागतं.

दुसरा मुद्दा पहिल्या परिच्छेदाचा, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. संस्थापकाचे आजोबा काटोलचे बागायतदार, लहानपणी त्याने कळमना बाजारात व्यापाऱ्याला फळ हाताने निवडताना पाहिलं, ही गोष्ट चांगलीच आहे. ती तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात यावी, मुलाखतीत यावी. पण घाईत असलेला बातमीदार वरून खाली वाचतो आणि बरेचदा पहिला परिच्छेद थोडाफार बदलून उचलतो. शोधाच्या निकालात मथळ्याखाली दिसणाऱ्या दोन ओळीही साधारण पानाच्या मजकुरातूनच घेतल्या जातात. तिथे आजोबा आले आणि रक्कम नाही, तर वाचणाऱ्याला ही फंडिंगची बातमी आहे हेच समजत नाही. शेवटपर्यंत वाचण्याचा प्रश्न पुढचा, आधी त्याने बातमी उघडायला हवी.

अबकचा पहिला परिच्छेद मी असा लिहीन:

"नागपूर, १२ ऑगस्ट: संत्रा प्रतवारीची यंत्रं भाड्याने देणारी नागपूरची कंपनी अबकने सीड फेरीत ६ कोटी रुपयांचं भांडवल उभारलं आहे. फेरीचं नेतृत्व (फंडाचं नाव) यांनी केलं असून नागपुरातील चार वैयक्तिक गुंतवणूकदारांनीही त्यात भाग घेतला. या रकमेतून फेब्रुवारीत सुरू होणाऱ्या मृग बहाराच्या तोडणीआधी काटोल आणि वरुड इथे १२ यंत्रं बसवली जातील."

तीन वाक्यं. पहिल्यात घटना, दुसऱ्यात पैसे कोणाचे, तिसऱ्यात पैशाचं काय होणार. तिसऱ्या वाक्यात 'विस्तार आणि तंत्रज्ञान विकासासाठी' असं लिहिलं तर ते कोणत्याही कंपनीला लागू पडेल आणि उपसंपादक ते कापेल. गावांची नावं, यंत्रांची संख्या आणि हंगाम असेल तर ते टिकतं. काटोल-वरुड शोधणाऱ्याला बातमी सापडते ती याच वाक्यामुळे.

आता रकमेबद्दल, कारण घोळ तिथेच होतो. ६ कोटी म्हणजे प्रत्यक्ष खात्यात आलेले, की वचन मिळालेले? ४ कोटी आता आणि २ कोटी ठरलेली कामगिरी झाल्यावर मिळणार असतील तर तसं लिहा. त्यात बँकेचं कर्ज मिसळलं असेल तर भांडवल किती आणि कर्ज किती हे वेगळं सांगा. खासगी वाटपाने शेअर दिल्यावर कंपनीला १५ दिवसांत `PAS-3` हा फॉर्म भरावा लागतो, आणि फी भरून तो कोणालाही पाहता येतो. स्टार्टअपच्या बातम्या करणारे पत्रकार तो पाहतात. रिलीजमध्ये ६ कोटी आणि फॉर्ममध्ये ३ कोटी ८० लाख निघाले, तर पुढची बातमी त्या फरकाची होते आणि कंपनीच्या नावाने शोधल्यावर तीच समोर येत राहते.

कोटीचं इंग्रजी करतानाही सांभाळा. ६ कोटी रुपये म्हणजे ६० दशलक्ष रुपये, डॉलरचा भाव ८५ धरला तर साधारण ७ लाख डॉलर. एका ग्राहकाच्या रिलीजमध्ये मी नुसतं `6 Cr` लिहिलं होतं. एका पोर्टलवर ते ६ दशलक्ष डॉलर झालं, म्हणजे ५१ कोटी. दुरुस्ती होईपर्यंत तो आकडा आणखी दोन ठिकाणी उचलला गेला होता. तेव्हापासून इंग्रजी मजकुरात मी `₹6 crore` पूर्ण लिहितो, कंसात डॉलरची रक्कम देतो आणि कोणत्या तारखेचा भाव धरला तेही नमूद करतो.

कंपनीच्या नावाची संख्या वाढवून काही साधत नाही. साधतं ते एकाच स्पेलिंगने. रिलीजमध्ये एक, वेबसाइटवर दुसरं आणि लिंक्डइनवर तिसरं असेल तर शोधणाऱ्याला तीन कंपन्या दिसतात. देवनागरी रूप ठरवून टाका, आणि मराठी रिलीजमध्ये एकदा रोमन नाव द्या. 'प्रायव्हेट लिमिटेड' शेवटच्या परिचयात पुरेसं आहे. नाव रोजच्या वापरातलं असेल, समजा 'अंकुर' किंवा 'बहार', तर मथळ्यातलं 'नागपूर'च तुम्हाला बाकीच्यांपासून वेगळं काढतं. माझ्याकडे आलेल्या एका कंपनीची नोंदणी बंगळुरूची, काम सगळं बुटीबोरीत. त्यांनी डेटलाइनमध्ये, म्हणजे बातमीच्या सुरुवातीला तारखेसोबत येणाऱ्या गावाच्या नावात, बंगळुरू दिलं आणि नागपूरच्या एकाही बातमीदाराने ती बातमी आपली मानली नाही.

आणखी एक गोष्ट, जी त्या सल्ल्यात नाही पण आपल्याकडे फार नडते. डीटीपीवाल्याकडून कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलेलं रिलीज. ते पीडीएफमध्ये छान दिसतं, पण कॉपी करून पेस्ट केलं की रोमन अक्षरांचा चिखल होतो. शोधयंत्राला त्यातलं 'नागपूर'ही वाचता येत नाही. रिलीज युनिकोडमध्ये हवं आणि ईमेलच्या मजकुरात चिकटवलेलं हवं. पीडीएफ सोबत जोडा, पण तेवढंच पाठवू नका.

शेवटी वायर, म्हणजे रिलीज वाटणारी सेवा. पैसे भरून रिलीज शंभर-दोनशे साइटवर जातं हे खरं, पण तोच मजकूर, अक्षर न अक्षर. गूगल सारखी पानं ओळखतं आणि त्यातलं एखाददुसरं दाखवतं. बाकीची पानं वायरच्या अहवालातल्या यादीत असतात, शोधात नसतात. शिवाय अनेक साइट असा मजकूर वेगळ्या विभागात टाकतात आणि वर 'प्रायोजित' किंवा 'संपादकीय विभागाचा संबंध नाही' असं लिहितात. काही जण लिंकसाठी वायर घेतात. वाटलेल्या रिलीजमध्ये कीवर्डवर चिकटवलेल्या लिंकना गूगलने २०१३ सालीच अनैसर्गिक लिंकांच्या उदाहरणांत घातलं. अशा लिंकला `rel="nofollow"` लावावं लागतं, म्हणजे त्यातून रँकिंग मिळण्याची आशा धरू नये. वायर बाहेरच्या पत्रकारापर्यंत पोहोचायला उपयोगी पडते, तेवढ्यासाठी घ्यायची असेल तर घ्या. पण ती रक्कम परवडत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. आपल्या विषयावर आधी लिहिलेल्या आठ-दहा बातमीदारांना नाव घेऊन पाठवलेला ईमेल जास्त बातम्या मिळवून देतो, हा माझा अनुभव आहे.

त्याच वेळी आपल्या वेबसाइटवरही रिलीज टाका, पानावर तारीख ठळक दिसू द्या. आठवड्याने टाकलं तर ती बातमी राहत नाही. गूगलच्या न्यूज साइटमॅपमध्येसुद्धा फक्त मागच्या २ दिवसांतले लेख ठेवायचे असतात, यावरून ताजेपणाचा हिशेब समजावा.

परिणाम तपासायला वायरचा अहवाल उघडू नका. ४८ तासांनी गूगलच्या `News` टॅबमध्ये तीन शोध करा. कंपनीचं नाव आणि `funding`. मग नाव न घेता `Nagpur startup seed funding`. मग पहिल्या परिच्छेदातलं एक पूर्ण वाक्य अवतरणचिन्हांत. तिसऱ्या शोधात फक्त तुमच्याच शब्दांच्या प्रती दिसल्या आणि पहिल्या दोनांत काही नाही, तर कोणी बातमी केलेली नाही, मजकूर नुसता चिकटवला गेला आहे. पहिल्या दोनांत वेगवेगळ्या मथळ्यांच्या बातम्या दिसल्या, तर त्या मथळ्यांत तुमचे कोणते शब्द टिकले ते लिहून ठेवा. पुढच्या फेरीचा मथळा त्या शब्दांवरून सुरू करता येईल.