शेंबूड हिरवा झाला, म्हणून अँटिबायोटिक?

"हिरवा शेंबूड म्हणजे बॅक्टेरियाचं इन्फेक्शन! लगेच अँटिबायोटिक सुरू करा, नाहीतर कफ छातीत उतरून न्यूमोनिया होतो. मागच्या वेळची बाटली उरली असेल तर तीच ३ दिवस द्या, डॉक्टरची फी वाचेल. सर्व आईबाबांना पाठवा."

पाठवलाच कुणीतरी. कोथरूडच्या माझ्या भाचीच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि तिने रात्री साडेदहाला मला विचारलं, "मावशी, देऊ का?" बाटली फ्रीजमधून काढून ओट्यावर ठेवलीसुद्धा होती. मी लहान मुलांची डॉक्टर आहे, त्यामुळे निदान विचारलं तरी. बाकीच्यांनी काय केलं असेल कोण जाणे.

आधी त्या बाटलीचंच बोलते, कारण मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ तीच आहे. तिच्याकडे होतं अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिडचं सिरप. पावडरमध्ये पाणी घातल्यापासून ते फ्रीजमध्ये ७ दिवस टिकतं. ही बाटली पावसाळ्यात कान दुखला तेव्हाची, म्हणजे औषध केव्हाच बाद झालेलं. शिवाय डोस मुलाच्या वजनावर ठरतो आणि मधल्या काळात पोराचं वजन वाढलंय. असं अर्धमुर्धं औषध ३ दिवस दिलं तर सर्दीच्या व्हायरसला काहीच होत नाही. पोटातले चांगले बॅक्टेरिया मात्र मरतात आणि जुलाब लागतात. जे बॅक्टेरिया तगतात ते त्या औषधाला दाद न देणारे असतात. उद्या खरंच कान पिकला, तर हेच औषध लागू पडेल याची खात्री राहत नाही.

आता रंग. नाकात व्हायरस शिरला की शरीर न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे पाठवतं. त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एक एन्झाइम असतं. त्यात लोह असतं आणि त्याचा स्वतःचाच रंग हिरवा आहे. पेशी जितक्या जास्त आणि शेंबूड जितका वेळ नाकात साचलेला, तितका तो हिरवा. म्हणून सकाळी उठल्यावर सगळ्यात हिरवा दिसतो. व्हायरल सर्दीतही हेच होतं, त्यामुळे रंगावरून बॅक्टेरिया ओळखता येत नाही.

भाचीच्या मुलाचंच बघा. तो ३ वर्षांचा. रविवारी पाण्यासारखं नाक आणि थोडा ताप. मंगळवारी ताप उतरला. बुधवारी शेंबूड घट्ट आणि हिरवा, खोकलाही वाढला. मेसेज आला तो नेमका बुधवारी! साध्या सर्दीत हिरवेपणा असाच तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो आणि त्यानंतर बहुतेक मुलं आपली आपण सुधारू लागतात. त्या रात्री अँटिबायोटिक सुरू केलं असतं, तर शनिवार-रविवारी नाक कमी वाहिल्याचं श्रेय बाटलीला गेलं असतं आणि पुढच्या सर्दीला तीच बाटली पुन्हा ओट्यावर आली असती. औषध न देताही नाक शनिवार-रविवारीच कमी वाहतं. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो, त्याला घाबरू नका.

न्यूमोनिया टाळायला म्हणून द्यायचं का? २००७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ब्रिटनमधल्या ३३ लाखांहून जास्त आजारपणांच्या नोंदींचा अभ्यास आला. साध्या सर्दी-घशाच्या इन्फेक्शननंतरचा एक न्यूमोनिया टाळायला ४,००० हून जास्त वेळा अँटिबायोटिक द्यावं लागलं असतं, असं त्यात निघालं. एकासाठी चार हजार कोर्स!

बरं, एवढं मान्य करते की सर्दीनंतर सायनसमध्ये बॅक्टेरियाचं इन्फेक्शन कधीकधी होतं आणि तेव्हा अँटिबायोटिक लागू शकतं. पण ते दिवसांवरून आणि तापावरून ओळखतात. १० दिवस उलटूनही नाक-खोकल्यात काडीचाही फरक नाही, किंवा बरं वाटत असताना पुन्हा ताप चढून सगळं वाढलं, किंवा सुरुवातीपासून सलग ३ दिवस १०२ च्या वर ताप आणि घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, तर मुलाला दाखवून आणा. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तरी आणा. आत मणी नाहीतर शेंगदाणा अडकलेला असू शकतो, आणि तो कुठल्याच सिरपने निघत नाही.

तोवर नाकात सलाइनचे थेंब, भरपूर पाणी आणि वरण-भात. १ वर्षाच्या पुढच्या मुलाला झोपताना चमचाभर मध. त्याआधी मध अजिबात नाही.

आणि छातीची काळजी असेल तर शेंबूड बघू नका, श्वास मोजा. मूल शांत किंवा झोपलेलं असताना अंगातलं वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. २ महिने ते १ वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा मूल पाणीही पीत नसेल, तर थेट हॉस्पिटलमध्ये, रात्रीचे बारा वाजले असले तरी. २ महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर श्वास मोजत बसू नका, लगेच न्या.