पाच यंत्रांचं श्रेय एकट्या डीएक्स-७ ला

फिरत असलेला दावा असा: «‘बेव्हर्ली हिल्स कॉप’ सिनेमाची ती फेमस धून, म्हणजे ‘अॅक्सेल एफ’, यामाहा डीएक्स-७ च्या एका तयार सुरावर वाजवलीय. मागचा ठेका रोलँड टीआर-८०८ चा. एक माणूस, एक कीबोर्ड, एक ड्रम मशीन, संपला विषय. एटीजचा सगळा साउंड असाच होता.»

आधी मुख्य सुराचं बघू, खरी गल्लत तिथेच झालीय. धून कुठली हे सांगायला नकोच, तरी हार्मोनियमवर बोट ठेवून बघायचं असेल तर पांढरी चार सा धरा आणि वाजवा: सा, कोमल ग, सा, सा, म, सा, मग खाली मंद्रातला कोमल नी. हा सूर डीएक्स-७ चा नाही, रोलँड ज्युपिटर-८ चा आहे. धून करणाऱ्या हॅरॉल्ड फाल्टरमायरने स्वतःच हे सांगितलेलं आहे. पण त्याचा शब्द बाजूला ठेवला तरी कान बऱ्यापैकी तिथपर्यंत पोचतात.

ज्युपिटर-८ हे १९८१ चं अॅनालॉग यंत्र. एका वेळी आठ स्वर वाजतात आणि प्रत्येक स्वरामागे दोन ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारी सर्किटं, असतात. दोघांतून करवतीच्या दात्यांसारखी लहर निघते. या लहरीत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे उपस्वर असतात, म्हणून ती पितळी वाद्यासारखी करकरीत लागते. आता दुसरा ऑसिलेटर केसभर वर सरकवा. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा अगदी थोड्या फरकाने लागल्या की त्यांच्यात जी लाट उठते, तीच इथे उठते. हिशेब करून बघा: मधल्या सप्तकातली पांढरी चार म्हणजे सेकंदाला साधारण ३४९ कंपनं. दुसरा ऑसिलेटर ६ सेंट वर, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभर भागांपैकी सहा भाग, नेला तर तो ३५० च्या किंचित पुढे जातो आणि सेकंदाला सव्वाएक लाट ऐकू येते. बेसूर वाटत नाही, सूर फक्त रुंद होतो. हे ६ सेंट मी माझ्या प्रयोगासाठी घेतलेत. फाल्टरमायरने नॉब कुठे ठेवला होता असं माझं म्हणणं नाही.

आता डीएक्स-७. १९८३ चं हे यंत्र डिजिटल. त्यात करवतीची लहर तयार मिळत नाही आणि ती कापायला फिल्टरही नाही. साध्या गोल लहरी एकमेकींना हलवतात आणि त्यातून उपस्वर जन्मतात. म्हणून घंटा, काचेसारखा इलेक्ट्रिक पियानो, लाकडावरचा टोला ही त्याची खासियत. करकरीत पितळी सूर त्याच्यातून निघतच नाही असं नाही, पण ‘अॅक्सेल एफ’च्या सुरुवातीला कानावर येतो तो जाडजूड रुंदपणा त्याच्याकडे आयता नसतो.

मग लोकांना डीएक्स-७ ऐकू येतो तरी कुठून? येतो, कारण तो त्या ट्रॅकमध्ये खरोखरच आहे. ताल सुरू झाल्यावर मरिंब्यासारखे कोरडे, लाकडी टोले ऐका. ठक् करून उमटतात आणि लगेच विरतात. ते आणि घंटेसारखे सूर डीएक्स-७ चे. म्हणजे दावा करणाऱ्याचे कान खोटे नाहीत, त्याने पाहुण्यालाच यजमान समजलंय.

आता ठेका. तिथे टीआर-८०८ नाही, लिनड्रम आहे. दोन्ही यंत्रं सारखी मानण्याची सवय लागलीय, पण त्यांची जातच वेगळी. १९८० च्या ८०८ मध्ये ढोल कोणी वाजवलेलाच नसतो. सर्किटला एक धक्का बसतो, ते थरथरतं आणि तो आवाज आपण ढोल म्हणून ऐकतो. १९८२ च्या लिनड्रममध्ये खऱ्या ड्रमची छोटी छोटी रेकॉर्डिंग चिपवर साठवलेली असतात, बटण दाबलं की तोच ठोका पुन्हा वाजतो. मेमरी महाग होती, म्हणून ठोके आखूड, शेपूट पटकन कापलेलं.

ओळखायचं कसं? बरेच जण बेस ड्रमवर जातात: लांब «बूऽऽम» म्हणजे ८०८, आखूड म्हणजे लिन. इथे फसायला होतं, कारण ८०८ ला ती लांबी कमी करायचं बटण आहे. वर फोनच्या स्पीकरमधून खालची गुंज ऐकूच येत नाही, मग काय ठरवणार? त्यापेक्षा हेडफोन लावून स्नेअर, म्हणजे ड्रमसेटमधला करकरीत वाजणारा चपटा ड्रम, ऐका. ८०८ चा स्नेअर म्हणजे दोन टणटणीत सूर आणि वर फसफस. पातळ, कागदी. ‘अॅक्सेल एफ’मधल्या स्नेअरला चामडं आहे, काठी बसल्याचा भास आहे. टॉम, म्हणजे ड्रमसेटमधले घुमणारे ड्रम, आले की शंका उरतच नाही.

«एक कीबोर्ड» हा भाग तर सरळच चुकीचा. खालचा बास मूगच्या मॉड्युलर १५ वर आहे, आणि मधे मधे येणारे कॉर्डचे फटके रोलँड जेएक्स-३पी वर. ज्युपिटर-८, मूग, जेएक्स-३पी, डीएक्स-७ आणि लिनड्रम, अशी पाच यंत्रं झाली. दाव्यात खरं निघालं ते एवढंच की ती वाजवणारा एकटा होता. मूगवर बासचा एका वेळी एकच स्वर निघतो, तेव्हा बास, फटके आणि धून हे सगळं एका बैठकीत दोन हातांनी झालेलं नाही. थर एकावर एक चढवलेत.

«एटीजचा सगळा साउंड» या वाक्याला फार वेळ देत नाही. चित्रपट आला डिसेंबर १९८४ मध्ये, आणि या एकाच धुनेत १९८१ चा अॅनालॉग अन् १९८३ चा डिजिटल शेजारी शेजारी बसलेत.

एक कबुली मात्र द्यायला हवी. नुसत्या कानाने मी «अॅनालॉग, दोन ऑसिलेटर, करवतीची लहर» इथपर्यंतच येतो. त्या काळी प्रॉफेट नावाच्या आणि ओबरहाइम कंपनीच्या यंत्रांतूनही याच घराण्याचा सूर निघायचा. ज्युपिटर-८ हे नेमकं नाव फाल्टरमायरच्या सांगण्यावरून येतं. त्यामुळे «मी ऐकून मॉडेल ओळखलं» म्हणणाऱ्यावर, मग तो माझ्या बाजूचा असला तरी, मी जरा संशयच घेतो.

आणि तुलना करायच्या आधी हातात कुठलं रेकॉर्डिंग आहे ते बघा. २००५ मध्ये क्रेझी फ्रॉगने हीच धून घेऊन पुन्हा हिट केली आणि मोबाइलच्या रिंगटोनमधून घराघरात पोचवली. त्यातला ठेका वेगळा, सूरही नव्याने केलेला. माझ्या ऑर्केस्ट्रातल्या एका कीबोर्डवाल्याने मला तावातावाने «हा बघ ८०८!» म्हणून क्लिप ऐकवली. अर्ध्या मिनिटात त्यातून बेडूक ओरडला.