बाबांनी त्या मेसेजला अंगठा दिला!

आज सकाळी घरच्या ग्रुपवर काकांचा मेसेज. 'महिन्यातून एकदा एरंडेल घ्या, आतडी धुऊन निघतात, शंभर रोग पळतात.' खाली एक फूल, एक नमस्कार. अशा मेसेजकडे मी एरवी बघतही नाही. पण त्याच्याखाली पहिला अंगठा कोणाचा, तर आमच्या बाबांचा. बाबांचा! तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून हे लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बाबा तेव्हा बहात्तरचे. चार दिवस पोट साफ झालं नव्हतं. मला सांगायला संकोच वाटला असावा. स्वतःची मुलगी औषधांच्या दुकानात उभी राहते, तिला काय सांगायचं हे? रात्री नऊला त्यांनी एरंडेलाची बाटली काढली आणि भाजी वाढायच्या डावाने अंदाजे दोन डाव घेतले. अकरापर्यंत काही झालं नाही, म्हणून आणखी दोन.

पहिली चूक इथेच. एरंडेल पोटात गेल्या गेल्या काही करत नाही. लहान आतड्यात त्याचं पचन व्हावं लागतं, त्यातून रिसिनोलिक आम्ल सुटतं, आणि ते आम्ल आतड्याच्या स्नायूंना आवळायला लावतं. म्हणजे 'तेल आहे, वंगणासारखं सरकवत नेतं' ही समजूत साफ चूक आहे. तेल सरकवत नाही, आतड्याला पिळून काढतं. त्याला साधारण दोन ते सहा तास लागतात, कधी जास्तही. दोन तासांनी 'लागू पडलं नाही' म्हणून पुन्हा घेणारा माणूस खरं तर पहिल्या डोसावर दुसरा चढवत असतो. मोठ्या माणसाला पंधरा ते साठ मिलि एवढा डोस सांगतात, त्यातही वयस्कर माणसाला कमीच. डावाने त्यांच्या पोटात किती गेलं, ते मला आजही माहीत नाही.

दोन वाजता कळा सुरू झाल्या. सकाळपर्यंत सात वेळा. शेवटच्या तीन वेळा नुसतं पाणी. पहाटे बाथरूमच्या दारात चक्कर येऊन पडले. कपाळाला खोक पडली, हाड वाचलं, नशीब.

आता दुसरी चूक, आणि ही माझी. बाबांना रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू होती, मीच आणून देत होते. ती गोळी शरीरातून पाणी आणि पोटॅशियम काढते. जुलाबही तेच काढतात. दोघांनी मिळून त्या रात्री त्यांना पिळून घेतलं. दवाखान्यात पोटॅशियम निघालं २.८. साडेतीनच्या खाली जायला नको असतं. कमी झालं की हातपाय गळतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दोन दिवस सलाईन. इतरांना 'ही गोळी चालू आहे का?' विचारणारी मी, घरच्या कपाटातल्या बाटलीकडे कधी बघितलंच नव्हतं.

हो, मान्य आहे. धडधाकट माणसाने एखाद्या वेळी मोजून घेतलं, तर बहुतेकांना एक वाईट रात्र जाते आणि संपतं. रेचक म्हणून ते लागू पडतं, हेही खरं. आपले सगळे घेऊनच मोठे झाले, हे वाक्य कमेंटमध्ये येणार, तेही मान्य. झालं?

कारण खरी गंमत पुढे आहे. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "परत झाली नाही गं. थोडं एरंडेल देतेस का?"

मी हसावं की रडावं! अहो, आतडं पूर्ण रिकामं केलंय, होणार काय आणि कुठून? ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागणारच. त्यात पोटॅशियम उतरलेलं असलं की आतड्याचे स्नायूही सुस्त होतात. म्हणजे जुलाबाने आणलेल्या बद्धकोष्ठावर पुन्हा जुलाब, मग पुन्हा बद्धकोष्ठ. दर आठवड्याला एरंडेल घेणारी माणसं मला भेटतात. 'त्याशिवाय होतच नाही' म्हणतात. होऊ कधी दिलंत?

आणि बाबांच्या त्या चार दिवसांचं कारण काय निघालं? महिनाभरापूर्वी सुरू झालेली लोहाची गोळी. तिने बद्धकोष्ठ होतं, अनेकांना होतं. डॉक्टरांनी गोळी बदलली, पातळ करून प्यायचं सौम्य औषध आठवडाभर दिलं, आणि प्रश्न मिटला. एरंडेलाने तो मिटला नसता, नुसता झाकला गेला असता.

याहून वाईट झाकणं म्हणजे पोटात दुखत असताना एरंडेल. इथे मात्र मी चिडूनच लिहिणार. पोट दुखतंय, दोन दिवस शौचाला झालेली नाही, म्हणून 'साफ करून टाका'. ते अपेंडिक्स असलं तर? सुजलेल्या आतड्याला आवळायला लावलं तर ते फुटायचा धोका. आतड्यात अडथळा असेल तर पुढे रस्ता बंद आणि मागून जोर. दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलं, ताप आला, उलट्या झाल्या, पोट फुगून वारासुद्धा सरत नाही, यातलं काहीही असलं तर बाटलीला हात लावायचा नाही, सरळ डॉक्टर.

गरोदर बाईलाही नाही. तेच आम्ल गर्भाशयालाही कळा आणतं. 'दिवस भरलेत, थोडं द्या, सुटेल लवकर' म्हणणाऱ्यांना हात जोडते.

आणि मुलांचं नाक दाबून पाजणं आतातरी बंद करा. ते रडतं, ठसकतं, तेल श्वासनलिकेत जातं. फुप्फुसात गेलेलं तेल खोकून सहज बाहेर पडत नाही, त्याने न्यूमोनिया होतो. लहानपणी आम्हा भावंडांची एरंडेल प्यायल्यासारखी तोंडं बघून सगळे हसायचे. मीही हसतच सांगायचे ती आठवण. आता नाही हसू येत.

असो. एरंडाचं गुऱ्हाळ पुरे. राग बराच उतरलाय, कारण मध्येच बाबांना फोन केला होता. विचारलं, "सात वेळा गेलात, पडलात, सलाईन लागलं, आणि अंगठा कसला देता?"

म्हणाले, "अगं, त्याच्या मेसेजला कोणीच उत्तर देत नव्हतं. त्याला वाईट वाटलं असतं."

मग जरा थांबून, "घेणार नाहीये मी. बाटली टाचांना लावायलाच ठेवलीय."

काकांना मी वेगळा फोन करणार आहे. त्यांनाही लघवीची गोळी चालू आहे, आणि ती कोणती, ते मला पाठ आहे.