रस्किन विरुद्ध व्हिओले-ल-द्यूक: थिसिसमधल्या त्या ठरलेल्या परिच्छेदांबद्दल

"रिस्टोरेशन आणि कॉन्झर्व्हेशनच्या वादावर लिटरेचर रिव्ह्यू लिहायला फार खोलात जायला नको. वाद १८४९ साली इंग्रज लेखक रस्किनपासून सुरू होतो. फ्रेंच वास्तुकार व्हिओले-ल-द्यूक म्हणतो, इमारत पूर्ण करा, ती तशी कधी नसली तरी चालेल. रस्किन म्हणतो, हात लावू नका, पडली तर पडू द्या. इटालियन वास्तुकार बोइटो मधला मार्ग काढतो आणि १९६४ च्या व्हेनिस चार्टर या आंतरराष्ट्रीय सनदेने वाद मिटतो. चार नावं, चार परिच्छेद, झालं."

जुनी वास्तू पूर्ववत करावी की आहे तशी जपावी, या वादावर थिसिस लिहिणाऱ्यांना दिला जाणारा हा सल्ला इतका फिरला आहे की त्याच्या तारखाही आता कुणी तपासत नाही. सुरुवात तिथूनच करू.

रोममधली टायटसची कमान घ्या. मध्ययुगात ती फ्रांजिपाने घराण्याच्या तटबंदीत चिणली गेली होती आणि दोन्ही बाजूंची बांधकामंच तिला धरून होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बांधकामं काढायला लागले आणि मधला प्राचीन भाग निराधार झाला. वास्तुकार राफाएले स्टर्नने दुरुस्तीचं काम सुरू केलं. १८२० मध्ये तो वारला आणि पुढे जुझेप्पे वालादिएने १८२४ पर्यंत ते पूर्ण केलं. प्राचीन दगड उतरवून पुन्हा जागेवर बसवले आणि गेलेल्या कडा नव्याने बांधल्या. मूळ दगड पांढरा संगमरवर होता, नव्या भागाला मात्र ट्रॅव्हर्टाइन वापरला. आजही कमानीजवळ उभं राहिलं की फरक डोळ्याला कळतो. प्राचीन अर्धस्तंभांवर उभ्या खोबणी आहेत, नवे स्तंभ सपाट सोडलेले आहेत. नव्या स्तंभशीर्षांचा नुसता आकार काढला आहे, पानांचं बारीक कोरीवकाम केलेलं नाही. लांबून कमान अखंड दिसते, जवळून जुनं कुठे संपतं ते बोटाने दाखवता येतं.

आता यावरच्या प्रतिक्रिया पाहा. १८२९ मध्ये फ्रेंच कादंबरीकार स्टेंधालने तक्रार केली की वालादिएने आपल्या हाती टायटसच्या कमानीची फक्त नक्कल ठेवली. १८३२ मध्ये फ्रेंच वास्तुसमीक्षक कात्रमेर द कँसीने नेमक्या उलट कारणासाठी याच पद्धतीची शिफारस केली: नव्या भागात तपशील कोरू नयेत, म्हणजे बघणाऱ्याची फसवणूक होत नाही. मूळ द्रव्य हलवलं की वास्तू तीच राहते का, आणि नवं जुन्यापासून वेगळं ओळखू यावं का, हे वादाचे दोन्ही मुख्य प्रश्न इथे मांडून झाले आहेत. रस्किन तेव्हा दहा-तेरा वर्षांचा मुलगा होता.

एक खाच मात्र आहे, आणि चांगल्या रिव्ह्यूने तिथे थांबायला हवं. ट्रॅव्हर्टाइन तत्त्व म्हणून निवडला की स्वस्त पडतो म्हणून, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ही शंका उगाच येत नाही. त्याच दशकात कोलोसियमच्या पश्चिम टोकाला वालादिएने जी आधारभिंत बांधली, तिच्यात खर्च वाचवायला बराचसा भाग विटांचा केला आणि तो दगडासारखा दिसावा म्हणून वरून रंगाचा हात दिला. म्हणजे तोच वास्तुकार, तेच शहर, तोच काळ, पण एका ठिकाणी नवं उघड दिसतं आणि दुसऱ्या ठिकाणी ते लपवलं आहे. त्याच कोलोसियमच्या पूर्व टोकाला स्टर्नने आधीच, १८०६-०७ मध्ये, विटांची साधी उघडी भिंत घालून सरकलेले दगड सरकलेल्या स्थितीतच धरून ठेवले होते. वालादिएला 'ओळखू येणाऱ्या दुरुस्तीचा जनक' ठरवण्याआधी हे तिन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहायला हवं.

व्हिओले-ल-द्यूकचं 'कधीही अस्तित्वात नसेल अशी पूर्ण अवस्था' हे वाक्य खोटं नाही. ते त्याच्या वास्तुकोशाच्या आठव्या खंडातल्या लेखात आहे आणि तो खंड १८६६ चा आहे. थिसिसांमध्ये ते वाक्य त्याच्या १८४० नंतरच्या सगळ्या कामावर शिक्क्यासारखं मारलं जातं, गोंधळ तिथे होतो. १८४३ साली वास्तुकार लासूबरोबर पॅरिसच्या नोत्रदाम चर्चच्या दुरुस्तीचा प्रस्ताव देताना या दोघांनी स्वतःच लिहिलं होतं की अशा कामात कितीही जपून वागलं तरी कमीच, आणि रिस्टोरेशन हे शतकांच्या झिजेपेक्षा आणि लोकक्षोभापेक्षाही वास्तूला अधिक घातक ठरू शकतं. लेखकाचं नाव झाकून हा उतारा दिला तर बहुतेक विद्यार्थी त्याखाली रस्किनचं नाव लिहितील.

हा सूर आभाळातून पडला नव्हता. फ्रान्समध्ये १८३० पासूनच ऐतिहासिक वास्तूंसाठी सरकारी निरीक्षक नेमलेला होता. आधी व्हिते, मग १८३४ पासून मेरिमे. १८३९ मध्ये फ्रेंच पुराविद दिद्रोंने एक उतरंड मांडली: डागडुजीपेक्षा भक्कम करणं बरं, रिस्टोरेशनपेक्षा डागडुजी बरी, नव्याने बांधण्यापेक्षा रिस्टोरेशन बरं; भर काहीच घालू नका आणि काढून तर मुळीच टाकू नका. म्हणजे जपून वागण्याची ही भाषा तेव्हा तिथे नवी नव्हती.  खरा प्रश्न असा आहे की १८४३ ला इतकं जपून लिहिणारा माणूस पुढे तितकं जपून का वागला नाही.

तो किती पुढे गेला हे नोत्रदामच्या टोकदार मनोऱ्यावरून कळतं. जुना मनोरा अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरवला होता. लासू १८५७ मध्ये वारला आणि १८५९ मध्ये व्हिओले-ल-द्यूकच्या आराखड्याचा नवा मनोरा उभा राहिला. पायथ्याशी तांब्याचे बारा प्रेषित. त्यातल्या थॉमसला त्याने स्वतःचा चेहरा दिला आणि तो वर मनोऱ्याकडे पाहतोय. माझं मत विचाराल तर ती १८६६ ची व्याख्या पुढच्या कामाची आज्ञा म्हणून वाचण्यापेक्षा झालेल्या कामाचं समर्थन म्हणून वाचावी. त्याच लेखात इमारतीला उपयोग मिळवून देणं हा ती टिकवण्याचा सर्वोत्तम मार्ग आहे, असंही तो म्हणतो. त्या ठरलेल्या परिच्छेदांत ते वाक्य येत नाही.

रस्किनबद्दल थोडक्यात. 'पडू द्या' हे त्याच्या १८४९ च्या 'द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' या पुस्तकातल्या मांडणीतलं शेवटचं पाऊल आहे. त्याआधी तो जे सांगतो ते एखाद्या देखभाल मुकादमाच्या वहीत शोभेल: वेळेवर छपरावर शिशाचे पत्रे घाला, पन्हळीतला पाला काढा, भिंत सुटत असेल तिथे लोखंडाने आवळा, कलली तर लाकडाचा टेकू द्या, आणि तो टेकू कुरूप दिसला तरी चालवून घ्या. १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने जुन्या इमारती जपण्यासाठी स्थापन केलेल्या संस्थेचा जाहीरनामाही रोजच्या निगराणीचाच आहे. तेव्हा 'हात लावू नका' असं लिहिणं म्हणजे पुस्तकाचा तो उतारा न वाचल्याची कबुली.

बोइटोला 'मधला' म्हणण्याने तो सोपा होतो, पण कळत नाही. दोन टोकांची सरासरी काढण्याचं काम त्याने केलं नाही. १८८३ च्या रोममधल्या ठरावात त्याने दुरुस्तीला नोंदीची शिस्त लावली: नवं ओळखू यावं, कामाची नोंद आणि छायाचित्रं ठेवावीत. आणि त्याला शेवटचा शब्द मानलं तर ऑस्ट्रियन कला-इतिहासकार रीग्ल अडचणीत आणतो. १९०३ मध्ये रीग्लने दाखवलं की झिजेत दिसणारं वयाचं मूल्य आणि मूळ पुरावा जपणारं ऐतिहासिक मूल्य एकाच भिंतीवर परस्परविरोधी मागण्या करतात. पहिलं झीज चालू राहू देतं, दुसरं ती थांबवायला सांगतं. दोन्ही जतनाच्याच बाजूचे, तरी भांडण आहेच. रीग्लशिवाय लिहिलेला रिव्ह्यू मला तरी अपुरा वाटतो.

राहिला व्हेनिस चार्टर. त्याच्याआधी वास्तुजतनावरची १९३१ ची अथेन्स परिषद आहे, आणि सनदेवर एकमत झालं म्हणजे वाद सुटला असं होत नाही, हे तिथेच दिसतं. ग्रीक अभियंता निकोलाओस बालानोस १८९८ पासून अथेन्सच्या अॅक्रोपोलिस टेकडीवरच्या पार्थेनॉन मंदिरावर काम करत होता. पडलेले स्तंभ त्याने पुन्हा उभे केले. परिषदेच्या तज्ज्ञांनी अॅक्रोपोलिसवर जाऊन ते काम पाहिलं, त्याला सर्वसाधारण पसंती दिली आणि आधुनिक साधनांच्या, विशेषतः प्रबलित काँक्रीटच्या, विवेकी वापराला मान्यता दिली. आधार शक्यतो दिसू नयेत, असंही म्हटलं. प्राचीन ग्रीक कारागीर संगमरवराचे ठोकळे लोखंडी चिमट्यांनीच जोडत, पण भोवती वितळलेलं शिसं ओतत. त्यामुळे पाणी लोखंडापर्यंत पोचत नसे. बालानोसच्या लोखंडाला ते शिशाचं वेष्टण नव्हतं. लोखंड गंजलं, गंजताना फुगलं आणि आतून दाब येऊन संगमरवर फुटू लागला. काही ठोकळे तर त्यांच्या मूळ जागी बसवलेलेच नव्हते. १९७५ मध्ये नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली पुढे ते लोखंड काढून टायटॅनियम घालण्याचं काम सुरू झालं. आधीच्या रिस्टोरेशनची दुरुस्ती हेच नव्या जतनाचं मोठं काम होऊन बसलं, आणि 'पुन्हा काढता आलं पाहिजे' या अटीला इतकं वजन का आलं तेही यातून समजतं.

व्हेनिस चार्टरने पुनर्बांधणीवर बंदी घातली, असंही सर्रास लिहिलं जातं. तसं म्हणणारं कलम १५ वं, आणि ते उत्खननाखाली येतं. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त होऊन नव्याने बांधलेलं वॉर्सॉचं जुनं शहर १९८० मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. १९९४ च्या नारा दस्तऐवजाने अस्सलपणा प्रत्येक संस्कृतीच्या संदर्भात तपासायचा असं ठरवलं. मिटलेल्या वादाला एवढ्या पुरवण्या लागत नाहीत.

आणि १५ एप्रिल २०१९ ला नोत्रदामचा तोच मनोरा जळून कोसळला. व्हेनिस चार्टरचं कलम ९ म्हणतं, अपरिहार्य नवी भर असेल तर तिच्यावर आपल्या काळाची छाप हवी. कलम ११ म्हणतं, प्रत्येक काळाची योग्य भर जपा, शैलीची एकता हे ध्येय नाही. पहिलं धरलं तर मनोरा आजच्या शैलीतला हवा, दुसरं धरलं तर १८५९ ची भरही जपण्याजोगा इतिहास ठरते. एकाच सनदेतून दोन्ही बाजू निघतात. जुलै २०२० मध्ये निर्णय झाला: व्हिओले-ल-द्यूकचा मनोरा होता तसाच.

रिव्ह्यू लिहायचा असेल तर परिच्छेद माणसांच्या नावाने पाडण्यापेक्षा या मनोऱ्यासारखी एक वास्तू हाती घ्या. १८४३ चा प्रस्ताव, १८५९ चं बांधकाम, १८६६ ची व्याख्या, १९६४ ची दोन कलमं आणि २०२० चा निर्णय एका ओळीत मांडा, आणि प्रत्येक ठिकाणी गेलेल्या भागाचं काय करायचं ठरलं, ते कोणत्या कारणाने आणि प्रत्यक्षात काय झालं, एवढंच विचारा. रस्किन आणि रीग्ल मग आपोआप योग्य ठिकाणी येतील, आणि १८२९ चा स्टेंधालही.